स्ट्रीक आणि प्रश्नपत्रिका



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली. त्यांच्या स्मृतिदिनी भाषाशिक्षणाच्या एका अगदी आजच्या प्रश्नावर बोलावं, असं मंडळाने सुचवलं आणि मला ते पटलं. मी पुण्यात जर्मन शिकवतो. वर्गात येणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाच्या मोबाइलवर ड्युओलिंगो किंवा तसलंच एखादं ॲप असतं. पहिल्या तासाला ओळख करून देताना मुलं सांगतात, ‘सर, माझी तीनशे दिवसांची स्ट्रीक आहे.’ पाठोपाठ पालकांचा प्रश्न येतो, ‘एवढं रोज करतोय, मग परीक्षा पास होईल ना?’

या प्रश्नाचं सरसकट उत्तर देता येत नाही. आधी परीक्षा कोणती ते ठरवावं लागतं, मग तिची प्रश्नपत्रिका समोर ठेवावी लागते आणि ॲपमधला प्रत्येक प्रकार तिच्याशेजारी लावून पाहावा लागतो. आज मी एकच परीक्षा घेणार आहे, ग्योथे इन्स्टिट्यूटची बी-१. आपल्याकडे ती मॅक्स म्युलर भवनात होते. जर्मनीला शिकायला किंवा कामाला जाऊ पाहणारी बरीच मुलं या पायरीवर येतात.

या परीक्षेची चार मोड्युल्स आहेत. वाचनाचं लेझन, ऐकण्याचं ह्योरन, लेखनाचं श्रायबन आणि बोलण्याचं श्प्रेशन. प्रत्येक 100 गुणांचं, आणि उत्तीर्ण व्हायला प्रत्येकात वेगवेगळे 60 लागतात. वाचनात 90 मिळाले म्हणून बोलण्यातले 45 भरून निघत नाहीत. मोड्युल सुटं देता येतं, राहिलेलं पुन्हा देता येतं, पण प्रत्येकाची पुन्हा फी पडते आणि तारखेची वाट पाहावी लागते. आपल्या दहावी-बारावीच्या सवयीचं डोकं एकूण टक्क्यांत विचार करतं, तिथेच पहिली चूक होते. ॲपवर भरपूर वेळ घालवलेल्या मुलाची तयारी एका अंगाला वाढलेली असते, आणि ही परीक्षा नेमकी दुसरं अंग तपासते.

आता ॲप काय करून घेतं ते बघू. एक इंग्रजी वाक्य दाखवतं, खाली शब्दांचे ठोकळे मांडतं आणि ते क्रमाने लावायला सांगतं. एखादं वाक्य ऐकवतं आणि पुन्हा ठोकळे लावून घेतं. जोड्या लावायला, रिकामी जागा भरायला देतं. कधी वाक्य टाइप करायला लावतं, कधी माइकमध्ये म्हणून घेतं. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. काय म्हणायचं ते ॲपने आधीच ठरवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते म्हणायला लागणारे शब्दही समोर मांडलेले असतात. आपण फक्त ओळखायचं. ओळखता येणं ही खरी कमाई आहे. ती नसेल तर पुढचं काहीच होत नाही. पण शब्द समोर नसताना तो आठवणं ही वेगळी कमाई आहे, आणि काय म्हणायचं हेही आपणच ठरवून सलग आठ-दहा वाक्यं उभी करणं ही तिसरी.

बी-१चं लेझन मुख्यतः ओळखण्यावर चालतं. पाच भाग, 30 प्रश्न, 65 मिनिटं. बरोबर की चूक, तीनपैकी कोणता पर्याय, कोणती जाहिरात कोणाला लागू, अशी उत्तरं द्यायची असतात. ॲपने जमवलेला शब्दसाठा इथे थेट उपयोगी पडतो. ह्योरनमध्येही 30 प्रश्न असतात आणि उत्तरं पर्यायांतूनच द्यायची असतात, पण तिथे अडचण वेगळी आहे. चार भागांपैकी दोन भाग फक्त एकदाच ऐकवतात. त्यांतला एक सलग बोलणं असतो, उदाहरणार्थ एखाद्या ठिकाणची माहिती सांगणारा माणूस. दुसरा दोन माणसांच्या गप्पा. ॲपमध्ये बहुतेक वेळा एकेक सुटं वाक्य येतं, स्पीकरचं बटण हवं तितक्या वेळा दाबता येतं आणि शेजारी कासवाचं बटण असतं, ते दाबलं की वाक्य सावकाश म्हटलं जातं. कासवाची सवय झालेला कान परीक्षेत दुसऱ्या वाक्याला अडखळतो, आणि तो तिथे अडलेला असताना पाचवं वाक्य निघून गेलेलं असतं.

श्रायबन आणि श्प्रेशन या मोड्युल्सची तयारी ॲप जवळजवळ करूनच घेत नाही. श्रायबनला 60 मिनिटं आणि तीन कामं. मित्राला सुमारे 80 शब्दांची मेल, चर्चेच्या एखाद्या विषयावर 80 शब्दांत आपलं मत, आणि परक्या माणसाला 40 शब्दांची औपचारिक मेल. गुण 40, 40 आणि 20. श्प्रेशन बहुधा जोडीने होतं. तयारीला 15 मिनिटं मिळतात. जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं, मग एका विषयावर छोटं सादरीकरण करायचं, आणि शेवटी जोडीदाराच्या सादरीकरणावर बोलून त्याला प्रश्न विचारायचा.

ॲपची तयारी कुठे कमी पडते, हे एका विद्यार्थिनीच्या उदाहरणावरून दाखवतो. हडपसरला नोकरी, संध्याकाळी वर्ग, चारशे दिवसांच्या वर गेलेली स्ट्रीक. ॲपमध्ये ती बी-१चं लेबल असलेल्या विभागात पोचली होती, त्यामुळे परीक्षेचा फॉर्म भरायला निघाली होती. परीक्षेला बारा आठवडे होते. मी म्हटलं, आधी एक नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. ग्योथेच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते, ऐकण्याच्या ध्वनिफितीसकट. मधे थांबायचं नाही, फीत मागे न्यायची नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

लेझनमध्ये 30 पैकी 23 बरोबर आले. त्याचे 100 पैकी 77 होतात. ह्योरनमध्ये 16, म्हणजे 53. उत्तीर्ण व्हायला 18 बरोबर लागतात. दोन वेळा ऐकवलेल्या भागांत ती ठीक होती, सगळी पडझड एकदाच ऐकवलेल्या दोन भागांत झाली होती. आणि श्रायबनमध्ये आले 42.5.

ते कसे आले ते नीट पाहण्यासारखं आहे. मित्राच्या मेलला 40 पैकी 25. चर्चेवरच्या मताला 17.5, कारण वाक्यं एकामागून एक नुसती ठेवलेली होती. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘एकीकडे’ असं काहीच त्यांना बांधत नव्हतं. औपचारिक मेलला शून्य. मेल चुकीची होती असं नाही. पहिल्या दोन कामांतच पन्नास मिनिटांच्या वर गेली आणि तिसऱ्यात अठराच शब्द झाले. मागितलेल्या शब्दांच्या निम्म्याहून कमी मजकूर असला की दिलेलं काम पूर्ण झालं नाही असं धरतात, आणि या एका निकषावर शून्य पडलं की त्या कामाचे सगळेच गुण जातात. व्याकरण कितीही शुद्ध असलं तरी. चारशे दिवसांत तिने एकदाही घड्याळ लावून जर्मनमध्ये सलग काही लिहिलेलं नव्हतं. तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

त्या अठरा शब्दांत एक चूक होती, ती सांगण्यासारखी आहे. ‘आजारी असल्यामुळे उद्या येऊ शकत नाही’ हे तिने लिहिलं होतं: ‘इश कान मॉर्गन निश्ट कोमन, वाइल इश बिन क्रांक.’ ‘वाइल’ आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, म्हणून ‘वाइल इश क्रांक बिन’ असं हवं. ॲपमध्ये हेच वाक्य ठोकळ्यांनी लावायला दिलं की तिचं बरोबर येत होतं. मी समोर बसवून करून घेतलं, चार सेकंदांत झालं. कोरा कागद दिला की चूक. ठोकळे मोजकेच असतात आणि ‘बिन’ शेवटी ठेवून वाक्य ओळखीचं दिसतं, तेवढ्याने काम भागतं. कागदावर लिहिताना मात्र ती मनातल्या इंग्रजी वाक्याची नक्कल करत होती, कारण ॲपमधला जर्मन अभ्यासक्रम तिने इंग्रजीतून केला होता. मराठीतून गेली असती तर ‘मी आजारी आहे’ यात क्रियापद आपसूकच शेवटी होतं. ज्या भाषेतून ॲप शिकवतं, त्या भाषेची वाक्यरचनाही हाताला लागते, हे आपल्याकडच्या मुलांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ॲपमधल्या विभागांवरचं बी-१चं लेबल खोटं नसतं. त्या विभागातले शब्द आणि व्याकरण बी-१ पातळीचं आहे, एवढंच ते सांगतं. परीक्षेतला बी-१ विचारतो, त्या साहित्यातून तू ठरावीक वेळात काय उभं करू शकतोस? दोन्हीकडे अक्षरं तीच असल्यामुळे मुलांची फसगत होते.

आता स्ट्रीककडे वळतो. स्ट्रीक मोजते ती हजेरी. दिवसातून एक धडा झाला की आकडा एकाने वाढतो. धडा नवा होता की दहा वेळा केलेला, चुका झाल्या की नाही, हे तिला दिसत नाही. रात्री पावणेबाराला, डोळे मिटत असताना, सर्वांत सोपा धडा काढून दोन मिनिटांत संपवला तरी आकडा वाढतो. एखादा दिवस चुकलाच तर स्ट्रीक फ्रीझ वापरून तोही झाकता येतो. त्यावर साप्ताहिक लीगची चढाओढ असते. तिथे गुण लवकर मिळवून देणारे धडे शोधले जातात, आणि लवकर गुण मिळतात ते येत असलेल्याच गोष्टींतून. ही व्यवस्था रोज परत यायला लावण्यासाठी आहे आणि ते काम ती चोख करते. दोन महिने पुस्तकाला हात न लावणारा मुलगा स्ट्रीकपायी रोज जर्मनच्या संपर्कात राहतो. हे काही कमी नाही. प्रश्न एवढाच, की हजेरीपटावरचा आकडा आपण गुणपत्रिकेवर लिहू लागतो.

आपली स्ट्रीक पोकळ होते आहे का, हे ओळखायच्या दोन खुणा सांगतो. पहिली: सलग आठवडाभर धड्यांत जवळजवळ चूकच होत नसेल, तर तुम्ही पुढे जात नाही आहात, ओळखीच्या गल्लीत फिरत आहात. दुसरी: धडा संपल्यावर मोबाइल उलटा ठेवा आणि त्या धड्यातली तीन वाक्यं स्वतःबद्दल बदलून मोठ्याने म्हणा. जमलं नाही तर धडा ओळखण्यापुरताच झाला. याला एक मिनिट लागतं.

शब्दांच्या बाबतीत आणखी नेमकी चाचणी घेता येते. ग्योथेने बी-१ची शब्दसूची प्रसिद्ध केली आहे, सुमारे 2400 नोंदींची. तीही फुकट मिळते. वेगवेगळ्या पानांवरून डोळे मिटून बोट ठेवत 50 शब्द घ्या. आधी जर्मन शब्द पाहून अर्थ येतो का ते तपासा. मग उलट करा: मराठी अर्थावरून जर्मन शब्द, आणि नाम असेल तर डेअर, डी की डास, आणि अनेकवचन. या विद्यार्थिनीचे पहिल्या दिशेने 50 पैकी 38 आले, दुसऱ्या दिशेने 19. पहिला आकडा लेझनमधल्या 77ची संगती लावतो आणि दुसरा श्रायबनमधल्या 42.5ची. ॲपने तिला काय दिलं आणि काय दिलं नाही, हे या दोन आकड्यांत जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं चारशे दिवसांच्या आकड्यात दिसत नाही.

न आलेले शब्द आम्ही अँकीवर घातले. हेही ॲपच, पण कार्डं आपण बनवायची. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे जर्मन, म्हणजे आठवावंच लागतं आणि वाट इंग्रजीतून जात नाही. रोज नवी कार्डं दहाच. जास्त घातली की उजळणीचा ढीग साचतो आणि दोन आठवड्यांत माणूस ते सोडून देतो. अँकी तुमची किती उजळणी थकली आहे ते दाखवतं. किती दिवस आलात, यापेक्षा परीक्षेच्या तोंडावर हाच आकडा जास्त कामाचा.

बारा आठवड्यांचं वेळापत्रक साधं होतं. नोकरी सांभाळून रोज तासभर, रविवारी दोन तास. ॲपला बसमधली पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि त्यात फक्त पुढचे नवे धडे. लीगकडे बघायचं नाही. उरलेल्या पाऊण तासात आधी अँकीची उजळणी उरकायची. मग सोमवारी आणि गुरुवारी श्रायबन, मंगळवारी आणि शुक्रवारी ह्योरन, बुधवारी आणि शनिवारी श्प्रेशन. लेझनला वेगळा वार नव्हता. ते रविवारी व्हायचं.

श्रायबनचा क्रम असा: एक काम घड्याळ लावून. पहिल्याला 20 मिनिटं, दुसऱ्याला 25, तिसऱ्याला 15. वेळ संपली की पेन खाली. मी तपासून दिलं की पुढच्या वेळी आधी तीच मेल दुरुस्त करून पुन्हा पूर्ण लिहायची, मग नवी. पुन्हा लिहिण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण ‘वाइल’ सुधारलं ते तिथेच. ह्योरनसाठी दीड-दोन मिनिटांचा तुकडा एकदाच ऐकायचा, काय कळलं ते मराठीत चार ओळींत लिहायचं, आणि त्यानंतरच पुन्हा ऐकून मजकुराशी ताडून पाहायचं. पहिल्यांदा ऐकताना थांबवायचं नाही, हा एकच कडक नियम.

श्प्रेशनच्या सादरीकरणाबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण आपली मुलं तिथे नेहमी अडतात. विषय ‘मुलांना मोबाइल द्यावा का’ अशा धर्तीचा असतो. विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे आणि आपलं मत, मग समारोप. यातला तिसरा मुद्दा बघा, आपल्या देशातली परिस्थिती. ॲपमधली माणसं कॅफेत कॉफी मागवतात, स्टेशनची वाट विचारतात. आजी-आजोबांकडे मूल ठेवून कामावर जाणारी आई, शाळेनंतरचा क्लास, गावाकडचं घर आणि शहरातली नोकरी, हे ॲपमध्ये कुठून येणार? पण मुलीला बोलायचं आहे ते याबद्दलच. म्हणून आम्ही दहा नेहमीचे विषय घेतले आणि प्रत्येकासाठी ‘आमच्याकडे’ने सुरू होणारी चार-चार वाक्यं तयार केली. ती पाठ म्हणून दाखवायची नव्हती. तिथे वाचून दाखवलेलं परीक्षकाला लगेच कळतं. शब्द हाताशी असावेत एवढ्यासाठी ती होती. आणि आठवड्यातून दोनदा वर्गातल्या दुसऱ्या मुलीबरोबर फोनवर जोडीने सराव. समोरची व्यक्ती अनपेक्षित काहीतरी बोलते आणि त्यावर लगेच उत्तर द्यावं लागतं, हे माणसाशिवाय होत नाही.

स्ट्रीकचं काय केलं? ती मोडली नाही. तिची ओढ चांगली होती, ती वाया कशाला घालवा? घरातल्या कालनिर्णयावर दुसरी मोजणी सुरू केली. ज्या दिवशी समोर शब्द नसताना काही लिहिलं, बोललं किंवा एका ऐकण्यात समजून घेतलं, त्याच दिवसाच्या चौकोनात त्या मोड्युलची वेगळी खूण करायची. नुसतं ॲप झालं तर चौकोन कोरा. महिनाअखेर पान बघितलं की कुठली खूण कमी पडली ते दिसतं. पहिल्या महिन्यात श्प्रेशनची खूण दोनदाच होती, आणि तो वार ती का टाळते यावर बोलणं झालं. मोबाइलमधली स्ट्रीक चालूच होती, तिला फक्त तिच्यापुरतं काम दिलं होतं.

सहाव्या आठवड्यात दुसरी नमुना प्रश्नपत्रिका. ह्योरनमध्ये 19 बरोबर, म्हणजे 63. श्रायबन 57.5, तिन्ही कामं पूर्ण. लेझन 77वरून 73वर आलं होतं, त्याची काळजी करायचं कारण नव्हतं. ह्योरनमध्ये दहाची आणि श्रायबनमध्ये पंधराची उडी घेण्यासाठी चारची घसरण परवडते. इथे एक सावधगिरी सांगतो. अधिकृत नमुना प्रश्नपत्रिका मोजक्याच असतात. सराव म्हणून त्या एका आठवड्यात उडवल्या, तर पुढे स्वतःला मोजायला काहीच उरत नाही. सुरुवातीला एक, मधे एक आणि शेवटच्या दहा दिवसांत एक, अशा त्या पुरवायच्या. परीक्षेत तिची चारही मोड्युल्स एकाच वेळी निघाली. श्रायबन सर्वांत कमी गुणांनी.

याच मापाने दुसरी परीक्षा मोजली की उत्तर बदलतं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि ती मुलं जुलै-डिसेंबरला जेएलपीटी देतात. त्या परीक्षेत लिहायचं नसतं, बोलायचं नसतं, सगळी उत्तरं पर्यायांतून निवडायची. म्हणजे ॲपमधली ओळखण्याची कमाई तिथे फार दूरवर नेते. मात्र ऐकण्याचा विभाग तिथेही एकदाच वाजतो, आणि प्रत्येक विभागात किमान गुण मिळावेच लागतात, एन-३ला 60 पैकी 19. तेव्हा त्या मुलांनी ॲपला जास्त वेळ दिला तरी चालेल. कासवाचं बटण मात्र त्यांनीही सोडावं. ॲप तेच, पण परीक्षा बदलली की त्याची किंमत बदलते.

म्हणून पालकांच्या प्रश्नाला मी आता प्रतिप्रश्न करतो. मुलाने नमुना प्रश्नपत्रिका कधी सोडवली, आणि कुठल्या मोड्युलमध्ये किती आले? हे सांगता येत असेल तर ॲप किती वेळ वापरायचं ते मूल स्वतःच ठरवू शकतं. सांगता येत नसेल तर स्ट्रीक तीनशेची असो की तीन हजारांची, पुढचा रविवार मोकळा ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पहिली प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. फॉर्म त्यानंतर भरा.